गोदामात १४ क्विंटल सोयाबीन कमी भरले; सुकले किती आणि गेले किती, हिशेब असा लावा

मार्चअखेर आली की गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सोसायट्यांच्या गोदामात मालाची मोजणी सुरू होते. मोजणीत माल पुस्तकापेक्षा कमी भरला की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर "माल सुकला" म्हणून सगळी तूट एका ओळीत खर्ची पडते, नाहीतर सगळे खापर गोदामपालाच्या डोक्यावर फुटते. दोन्ही चूकच. पहिल्यात चोरी झाकली जाते आणि पैसा सभासदांचा जातो. दुसऱ्यात निष्पाप माणूस गावात चोर ठरतो. हे टाळायचे तर तूट फोडून बघावी लागते. ती कशी, हे एका उदाहरणाने समजून घेऊ.

समजा एका कंपनीने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सभासदांकडून ४०० क्विंटल सोयाबीन घेतले. प्रत्येकी ५० किलोचे ८०० कट्टे, घेताना सरासरी ओलावा १२ टक्के. भाव, हमाली, वाहतूक धरून माल क्विंटलला ४,५०० रुपयांना पडला, म्हणजे एकूण १८ लाख. ३१ मार्चला मोजणी झाली तेव्हा कट्टे भरले ७९२, वजन भरले ३८६ क्विंटल आणि ओलावा निघाला १० टक्के. तूट १४ क्विंटल. साडेचार हजाराने धरली तर ६३ हजार रुपयांची.

आधी मोजणी पक्की करा

आकडेमोडीला बसण्याआधी मोजणीच बरोबर झाली का ते बघावे. माल घेताना ज्या पद्धतीने वजन केले, त्याच पद्धतीने आताही करायचे. घेताना बारदानासकट वजन लिहिले आणि आता बारदान वजा केले, तर एका कट्ट्यामागे अर्धा किलो धरला तरी ८०० कट्ट्यांत ४ क्विंटलची खोटी तूट दिसते. काटाही तपासलेला हवा.

ओलाव्याचे तसेच. दारातल्या चार कट्ट्यांतून मूठभर दाणे काढून मीटरमध्ये टाकले तर आकडा फसवतो, कारण दाराजवळचा माल जास्त सुकलेला असतो. थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा सगळ्या थरांतल्या कट्ट्यांत परखी घालून नमुने काढावेत, ते एकत्र मिसळावेत आणि मगच मोजावे. मीटर शक्यतो घेताना वापरला होता तोच असावा. खाली सांडलेला माल झाडून, चाळून त्याचेही वजन मोजणीत धरावे.

सुकल्याने किती कमी व्हायला हवे?

इथे बहुतेक ठिकाणी गडबड होते. ओलावा १२ वरून १० वर आला म्हणजे २ टक्के घट, म्हणून ४०० क्विंटलला ८ क्विंटल, असा हिशेब लावतात. तो बरोबर नाही.

सुकताना फक्त पाणी जाते, सुका दाणा तेवढाच राहतो. १२ टक्के ओलावा असताना १०० किलोत सुका दाणा ८८ किलो होता. आता ओलावा १० टक्के आहे, म्हणजे तोच सुका दाणा एकूण वजनाच्या ९० टक्के झाला. म्हणून आताचे अपेक्षित वजन ४०० × ८८ ÷ ९० = ३९१.११ क्विंटल. सुकल्याने गेलेले वजन ८.८९ क्विंटल. प्रत्येक कट्टा ५० किलोवरून ४८.८९ किलोवर यायला हवा.

१४ पैकी ८.८९ क्विंटलचा हिशेब लागला. राहिले ५.११ क्विंटल.

कट्ट्यांची संख्या खोटे बोलत नाही

आता संख्येकडे बघा. माल सुकला तर सगळेच कट्टे थोडेथोडे हलके होतात, पण एकही कट्टा कमी होत नाही. उंदराने कुरतडले, कोपरा फाटला तरी कट्टा जागेवर असतो, हलका झालेला. पुस्तकात ८०० आणि थप्पीत ७९२ असतील तर ते ८ कट्टे सुकून गेलेले नाहीत. सुकलेल्या वजनाने त्यांचे ३.९१ क्विंटल होतात.

५.११ मधून ३.९१ वजा जाता राहतात १.२० क्विंटल. ही उरलेल्या ७९२ कट्ट्यांतली सांडलवंड, धूळ-माती आणि उंदीर यांची तूट. चारशे क्विंटलवर ती ०.३ टक्का पडते.

ती नेहमीची मानायची की नाही, हे कंपनीच्या ठरावावर अवलंबून आहे. मागच्या तीन-चार हंगामांचे आकडे बघून संचालक मंडळाने हंगामाच्या सुरुवातीलाच मर्यादा ठरवून प्रोसिडिंगमध्ये लिहिलेली असावी. आपल्या उदाहरणात ती अर्धा टक्का धरू, म्हणजे २ क्विंटल. १.२० क्विंटल त्यात बसते. मात्र मोजणी झाल्यावर तूट बघून मर्यादा ठरवली, तर ती कितीही तुटीला पुरते आणि तिचा काही उपयोग राहत नाही.

दुसरे असे की मर्यादा म्हणजे सरसकट सूट नव्हे. सांडलवंड १.२० झाली तर १.२० च लिहायची, परवानगी आहे म्हणून २ क्विंटल नाही. आणि उंदीर म्हटले की लेंड्या, कुरतडलेले बारदान, खालच्या थरात सांडलेले दाणे अशा खुणा दिसायला हव्यात.

८ कट्टे कुठे गेले? आधी कागद शोधा

चोरी म्हणण्याआधी कागद चाळावेत. गेटपास, काटापट्ट्या, पावती पुस्तक आणि साठा रजिस्टर समोरासमोर ठेवून एकेक नोंद जुळवायची. नमुन्याला किंवा बियाणे निवडायला दिलेला माल, घाईत भरलेल्या गाडीची राहिलेली नोंद, दोनदा लिहिलेली आवक, असे बरेच काही यात निघते.

आपल्या उदाहरणात मार्चच्या मध्यात एका सभासदाला ३ कट्टे, १४७ किलो, रोखीने विकल्याची पावती सापडली. पैसे जमा होते, पण साठा रजिस्टरला नोंद राहिली होती. ही तूट नाहीच, ती विक्री आहे. ती पावतीच्या तारखेचा उल्लेख करून विक्री म्हणूनच लिहायची. ३.९१ मधून १.४७ गेले, राहिले २.४४ क्विंटल, म्हणजे ५ कट्टे. यांचा कुठेच कागद नाही. खरे नुकसान एवढेच.

पुस्तकात कसे लिहायचे

रजिस्टरमधला जुना आकडा खोडून त्यावर ३८६ लिहायचे नाहीत. जुनी शिल्लक ४०० तशीच राहू द्यायची आणि खाली वेगवेगळ्या ओळींत वजावट दाखवायची. राहिलेली विक्री १.४७, नेहमीची घट १०.०९ (सुकल्याची ८.८९ आणि सांडलवंडीची १.२०), नुकसान २.४४. बेरीज १४. शिल्लक ३८६. प्रत्येक ओळीपुढे पावती क्रमांक किंवा मोजणी पंचनाम्याचा संदर्भ द्यावा.

रुपयांत दोन्ही तुटींचा हिशेब वेगळा लागतो. नेहमीची घट हा धंद्याचाच भाग आहे, म्हणून तिचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर बसतो. ४०० मधून १०.०९ वजा जाता ३८९.९१ क्विंटल राहिले. १८ लाखांना त्याने भागले की क्विंटलचा दर ४,५०० वरून ४,६१६ रुपये ४५ पैसे होतो. घटीची वेगळी रक्कम कुठे टाकावी लागत नाही, ती दरात आली.

नुकसान मात्र दरात मिसळायचे नाही. २.४४ क्विंटलला याच दराने साधारण ११,२६४ रुपये होतात. ते मालाच्या खात्यातून काढून "माल नुकसान" या वेगळ्या खात्यात नावे टाकायचे, म्हणजे ताळेबंद वाचणाऱ्याला ते दिसते. विमा कंपनीने दावा मान्य केला किंवा चौकशीनंतर कोणाकडून वसुली ठरली, तर तेवढी रक्कम त्यांच्या नावे टाकता येते. पण वसुली व्यवस्थापकाने परस्पर ठरवायची नाही. चौकशी, संबंधिताचे म्हणणे आणि मंडळाचा ठराव झाल्यावरच. चोरीची खूण दिसली तर पोलिसात तक्रार आणि विमा कंपनीला कळवणे लगेच करावे.

३१ मार्चचा शिल्लक साठा ३८६ क्विंटल, किंमत सुमारे १७ लाख ८१ हजार ९५० रुपये. मात्र विक्रीखर्च वजा जाता बाजारात याहून कमी मिळणार असेल, तर ती कमी किंमत धरावी लागते.

पावसाळ्यात उलटे होते

हाच माल ऑगस्टपर्यंत राहिला आणि दमट हवेने ओलावा परत १२ टक्के झाला, तर ३८६ चे ३८६ × ९० ÷ ८८ म्हणजे ३९४.७७ क्विंटल व्हायला हवेत. वजन पावणेनऊ क्विंटलने वाढते. तेव्हा पुस्तकात ३८६ आणि काट्यावरही ३८६ भरले, तर "सगळे जुळले" म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तेवढा माल गोदामातून गेलेला असू शकतो. म्हणून तूट नसली तरी ओलावा मोजायचाच. आणि माल घेतानाच ओलावा लिहिला नसेल, तर नंतर ही फोड करताच येत नाही.

खताच्या गोदामाला हा नियम लावू नका

सोयाबीनची ही सवलत शिवलेल्या खताच्या गोण्यांना नाही. तिथे एक गोणी कमी म्हणजे एक गोणी कमी. फुटलेल्या गोण्या वेगळ्या ठेवून, त्यातला माल वजन करून दाखवावा लागतो. पुस्तक, पॉस मशीन आणि थप्पी हे तिन्ही आकडे जुळायला हवेत, तपासणीत तेच बघतात. शिवाय खताच्या खरेदीवर जीएसटी भरलेला असतो आणि त्याचे क्रेडिट घेतलेले असते. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावरचे क्रेडिट २०१७ च्या जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे परत करावे लागते. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या सोयाबीनवर खरेदीला कर भरलेला नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आपल्या उदाहरणात ६३ हजारांची वाटलेली तूट शेवटी ११,२६४ रुपयांच्या नुकसानीवर आली. गोदामपालाला उत्तर द्यायचे ते ५ कट्ट्यांचे, १४ क्विंटलचे नाही. सभासदांनी वार्षिक सभेत अहवाल हातात घेतल्यावर एवढेच विचारावे: घट किती, नुकसान किती आणि कट्टे किती भरले? तीन आकडे वेगवेगळे मिळाले, तर मोजणी नीट झाली असे समजावे.