बफरमध्ये आम्ल पडतं तेव्हा पीएच किती उतरतो आणि का

आजचा विषय एका श्रोत्या आईच्या प्रश्नातून आला आहे. त्यांचा मुलगा ए-लेव्हलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या लिहितात, "बफरचं गणित तो झटकन सोडवतो, उत्तरही बरोबर येतं. पण टाकलेलं आम्ल गेलं कुठे, आणि ते गेलंच असेल तर पीएच थोडा तरी का उतरतो, असं विचारलं की म्हणतो, सूत्रात तसंच आहे. मी मराठी माध्यमात 'सामू' शिकले. त्याला समजावायला गेले आणि माझंच अडलं."

सामू म्हणजेच पीएच, त्यामुळे शब्दाची अडचण नाही. प्रश्न मात्र नेमका आहे. तो सूत्राने सुटत नाही, समतोलाकडे पाहिल्यावर सुटतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा. आकडे मोजकेच आहेत.

बफर म्हणजे एक सौम्य आम्ल आणि त्याच आम्लाचा क्षार, दोन्ही भरपूर प्रमाणात एकाच भांड्यात. आपण व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल घेऊ आणि त्याच्या जोडीला सोडियम अ‍ॅसिटेट. हे मिश्रण स्वयंपाकघरातही तयार होतं. पाच टक्क्यांच्या १०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साडेतीन ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडा कमी, हळूहळू घाला. फसफस थांबली की साधारण निम्मं आम्ल अ‍ॅसिटेट झालेलं असतं आणि निम्मं तसंच उरलेलं असतं. झाला बफर. पुढचा भाग, म्हणजे तीव्र आम्ल टाकणं, हा मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतच करायचा. घरातलं संडास साफ करायचं आम्ल यासाठी वापरू नका. ते चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

आता प्रयोगशाळेतलं भांडं. एक लिटर द्रावण, त्यात ०.१० मोल अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.१० मोल अ‍ॅसिटेट. आत सतत दोन गोष्टी चालू असतात. आम्लाचे काही रेणू फुटून हायड्रोजन आयन आणि अ‍ॅसिटेट सुटे होतात, आणि त्याच वेळी सुटे हायड्रोजन आयन अ‍ॅसिटेटला चिकटून पुन्हा आम्ल बनतं.

```
CH3COOH ⇌ H+ + CH3COO-
K = [H+][CH3COO-] / [CH3COOH] = 1.75 × 10^-5
```

दोन्ही दिशांचा वेग सारखा झाला की समतोल. त्या वेळी हायड्रोजन आयनांचं प्रमाण गुणिले अ‍ॅसिटेट, भागिले आम्ल, हा आकडा नेहमी K इतकाच येतो. तापमान बदललं नाही तर K बदलत नाही. आपण भांड्यात काहीही ओतलं तरी द्रावण या आकड्याकडे परत येतं. आजची सगळी गोष्ट एवढ्या एका अटीवर उभी आहे.

आपल्या भांड्यात आम्ल आणि अ‍ॅसिटेट सारखेच आहेत, म्हणून ते वर-खाली कटून जातात आणि हायड्रोजन आयन K इतकेच उरतात, लिटरमागे ०.००००१७५ मोल. पीएच आला ४.७६. इथे जरा थांबून या आकड्यांची तुलना करा. आम्ल आणि अ‍ॅसिटेट दोघेही या सुट्या हायड्रोजन आयनांच्या पाच हजार पटींहून जास्त आहेत. बफरचं बळ या दोन मोठ्या साठ्यांत आहे. सुटे आयन हा त्यांच्या मधला अगदी लहान आकडा आहे.

आता यात १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल टाकू, लिटरला एक मोल तीव्रतेचं. म्हणजे ०.०१ मोल हायड्रोजन आयन आत गेले. तीव्र आम्ल असल्यामुळे ते सगळे सुटेच असतात. (आकारमान १० मिलीने वाढलं, ते सोडून देऊ. आम्ल आणि अ‍ॅसिटेट दोघेही सारखेच पातळ होतात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर तेच राहतं.)

टाकल्या क्षणी, काहीच घडायच्या आधी, भांड्याची स्थिती काय? हायड्रोजन आयन जवळजवळ ०.०१, अ‍ॅसिटेट ०.१०, आम्ल ०.१०. तोच भागाकार केला तर ०.०१ येतो. हवा होता ०.००००१७५. म्हणजे तो जवळपास ५७० पट मोठा झाला. समतोल पार बिघडला, आणि तो एकाच बाजूने सुधारू शकतो. हायड्रोजन आयन आणि अ‍ॅसिटेट एकत्र येऊन आम्ल बनलं तर वरचे दोन्ही आकडे घटतात आणि खालचा वाढतो. तेच घडतं, आणि आपल्या डोळ्यांना क्षणार्धात घडतं.

आलेले ०.०१ मोल जवळजवळ सगळे अ‍ॅसिटेटला चिकटतात. अ‍ॅसिटेट ०.१० वरून ०.०९ वर येतं आणि आम्ल ०.११ होतं. आईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. आम्ल नाहीसं झालं नाही. तीव्र आम्लाचे सुटे हायड्रोजन आयन सौम्य आम्लाच्या रेणूंत बांधले गेले. पीएच मोजणारा इलेक्ट्रोड फक्त सुट्या आयनांना दाद देतो, बांधलेल्यांना नाही.

मग पीएच पूर्वीच्याच जागी का येत नाही? "समतोल बदलाला विरोध करतो" हे वाक्य मुलं पाठ करतात आणि त्याचा अर्थ "बदल पूर्ण पुसून टाकतो" असा घेतात. तसं होऊ शकत नाही, आणि ते तपासून पाहता येतं. समजा, सुटे हायड्रोजन आयन खरोखरच पूर्वीच्या ०.००००१७५ वर आले. आता अ‍ॅसिटेट ०.०९ आणि आम्ल ०.११ आहे. भागाकार करा. उत्तर सुमारे ०.००००१४३ येतं, म्हणजे K पेक्षा कमी. समतोल पुन्हा मोडला, या वेळी उलट्या बाजूने. आता आम्लाचे थोडे रेणू फुटून हायड्रोजन आयन सुटे व्हायलाच हवेत. म्हणजे द्रावण जुन्या पीएचवर पोहोचलं तरी तिथे टिकू शकत नाही. साठ्यांचं गुणोत्तर बदललं आहे, आणि K तोच ठेवायचा तर सुट्या आयनांचं प्रमाण त्या मानाने वाढायलाच हवं.

किती वाढायचं? K ला ०.११ ने गुणा, ०.०९ ने भागा. येतात ०.००००२१४ मोल. पीएच ४.६७. म्हणजे घसरण ०.०९ ची.

आता हिशोब लावू. आपण ०.०१ मोल टाकले. सुट्या आयनांत वाढ झाली ०.०००००३९ मोलची. म्हणजे टाकलेल्या दर अडीच हजार हायड्रोजन आयनांमागे साधारण एक सुटा राहिला, बाकीचे बांधले गेले. मला स्वतःला ४.७६ आणि ४.६७ या आकड्यांपेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी वाटते, कारण पीएचच्या लॉगरिदममागे ती झाकली जाते.

तुलनेसाठी दुसरं भांडं घ्या. एक लिटर पाणी, त्यात नावापुरतं हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच बरोबर ४.७६. मीटरवर दोन्ही भांडी सारखीच दिसतात. त्यातही तेच १० मिली टाका. पीएच थेट २ वर येतो, कारण आयनांना बांधून घ्यायला तिथे अ‍ॅसिटेट नाही. म्हणून नुसता पीएच पाहून द्रावण बफर आहे की नाही हे सांगता येत नाही. थोडं आम्ल टाकूनच ते कळतं.

मुलं वापरतात ते सूत्र याच भागाकाराची मांडणी आहे. अमेरिकन लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्ताचा अभ्यास करताना ती १९०८ मध्ये मांडली. पीएच ही संकल्पना सोरेनसेन यांनी कोपनहेगनमध्ये १९०९ साली आणली, म्हणजे त्यानंतर. लॉगरिदमचं रूप त्याहून पुढे हॅसलबाल्ख यांनी दिलं. त्यामुळे सूत्र विसरलं तरी बिघडत नाही. K ची व्याख्या आठवली की ते परत लिहिता येतं.

साठा संपत आला की काय होतं, तेही याच भांड्यात पाहू. तेच आम्ल १०-१० मिली टाकत राहा. एकूण ५० मिली गेल्यावर अ‍ॅसिटेट ०.०५ आणि आम्ल ०.१५ होतं. पीएच ४.२८, अजून ठीक. ९० मिलीला अ‍ॅसिटेट फक्त ०.०१ उरतं आणि पीएच सुमारे ३.५ होतो. १०० मिलीला अ‍ॅसिटेट संपतं, भांड्यात फक्त सौम्य आम्ल राहतं आणि पीएच २.७ च्या आसपास येतो. त्यापुढचे १० मिली कुठेच बांधले जात नाहीत, पीएच जवळपास २. पहिल्या १० मिलीने ०.०९ ची घसरण झाली होती. शेवटी तेवढ्याच १० मिलीने पाऊण एककाची होते. प्रयोग करताना हीच खूण लक्षात ठेवायची. सारख्या मापाने पीएच आधीपेक्षा मोठ्या उड्या मारू लागला की अ‍ॅसिटेट संपत आलं समजा. "थोडं आम्ल" यातलं थोडं हे साठ्याच्या मानाने थोडं असतं. बफर दहापट पातळ केला तर त्याचा पीएच जवळपास तोच राहतो, पण तेच पहिले १० मिली त्याला एका झटक्यात संपवतात.

मुलांच्या वह्यांत एक चूक वारंवार दिसते. टाकलेलं आम्ल ते सौम्य आम्लात मिळवतात, पण अ‍ॅसिटेटमधून वजा करायला विसरतात. मग ०.११ भागिले ०.१० होतं आणि पीएच ४.७२ येतो. उत्तर दिसायला पटण्याजोगं असतं, म्हणून चूक पकडली जात नाही. दोन्ही साठ्यांची बेरीज करून पाहा. आधी ०.२० होती, नंतरही ०.२० च राहायला हवी.

घरी करून पाहायला एक गणित देतो. हेच पहिलं भांडं, पण आम्लाऐवजी ०.०१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड टाका. या वेळी हायड्रॉक्साइड आम्लाचे हायड्रोजन आयन काढून घेतं, म्हणून कोणता साठा घटेल ते आधी बोटाने दाखवा आणि मगच आकडे लिहा. उत्तर ४.८४ यायला हवं. ४.६७ आलं तर बेरीज-वजाबाकीची अदलाबदल झाली आहे.