पहिल्या घासापासूनचे घड्याळ

जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने दुपारी बोट टोचून साखर तपासली आणि ग्लुकोमीटरवर २०८ हा आकडा आला, तर तो चांगला की वाईट हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी आणखी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: जेवणाआधी साखर किती होती, इन्सुलिन कधी टोचले आणि पहिला घास कधी घेतला.

लिस्प्रो, अस्पार्ट आणि ग्लुलिसिन ही जलद इन्सुलिने टोचल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करतात. त्यांचा जोर एक ते दोन तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो आणि परिणाम तीन ते पाच तास टिकतो. जेवणातली साखर मात्र याहून लवकर रक्तात येते. नेहमीच्या पोळी-भाताच्या जेवणानंतर ती साधारण तास-दीड तासात शिखर गाठते. म्हणून बहुतेकांना जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी इन्सुलिन टोचायला सांगितले जाते. जेवणाआधी साखर ७० च्या खाली असेल, तर मात्र टोचून थांबणे धोक्याचे असते. तेव्हा आधी साखर वर आणावी लागते.

एक उदाहरण पाहू. एका व्यक्तीला डॉक्टरांनी दर १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट हे प्रमाण ठरवून दिले आहे आणि १ युनिटने तिची साखर साधारण ४० ने उतरते. दुपारी एक वाजता तिची साखर १२८ होती. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात आणि वरण मिळून सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके धरून तिने १ वाजून ५ मिनिटांनी ६ युनिट टोचले आणि सव्वाला पहिला घास घेतला. सव्वादोनला साखर २०८ झाली, सव्वातीनला १७१ आणि सव्वापाचला १२६. चार तासांनी साखर जिथून निघाली तिथेच परत आली, म्हणजे ६ युनिटांचा डोस बरोबर होता.

याच माणसाने सव्वादोनचा २०८ पाहून घाबरून आणखी २ युनिट टोचले असते, तर काय झाले असते? आधीच्या डोसचा बराचसा परिणाम तेव्हा बाकीच होता. त्यावर या २ युनिटांनी आणखी ८० उतरवले असते आणि साखर ४६ च्या आसपास आली असती. इन्सुलिनवर इन्सुलिन चढण्याचा हा प्रकार घरोघरी घडतो आणि त्याचे मूळ बहुधा चुकीच्या वेळी वाचलेल्या एका बरोबर आकड्यात असते.

म्हणूनच दोन तासांचा आकडा आणि चार तासांचा आकडा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, जेवण संपल्यापासून नव्हे. त्या वेळी १८० च्या आत साखर असावी, हे प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य आहे. दोन तासांनी २४० आणि चार तासांनी १३० असेल, तर डोसपेक्षा वेळेवर संशय घ्यावा. इन्सुलिन बहुधा उशिरा टोचले गेले. दोन तासांनी १६० आणि चार तासांनी २१० असेल, तर जेवण तेलकट-तुपकट होते का ते आठवावे, कारण स्निग्ध पदार्थांमुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते आणि साखर मागाहून चढते. दोन तासांनी ११० आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. इन्सुलिनचा जोर अजून ओसरलेला नसतो, त्यामुळे साखर पुढच्या तासा-दोन तासांत आणखी खाली जाऊ शकते आणि तेव्हा पुन्हा तपासणे हेच शहाणपण.

या हिशेबात सगळ्यात जास्त घोळ घालतो तो चार वाजताचा चहा. साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे झाली की सव्वापाचचा आकडा दुपारच्या डोसबद्दल काही सांगत नाही. डोस पारखायचा असेल त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्यावा, बिस्किटे टाळावीत आणि भरभर लांब चालायला जाऊ नये. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला आंब्याचा किंवा केळ्याचा अंश आकडा बराच फुगवतो. शिवाय चांगल्या ग्लुकोमीटरच्या आकड्यातही सुमारे १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे १७१ आणि १८५ यांच्यात अर्थ शोधू नये.

एका दिवसाच्या आकड्यांवरून डोस बदलू नये. साधारण सारख्याच जेवणाच्या तीन-चार दिवसांच्या नोंदी, आकड्याशेजारी टोचल्याची आणि पहिल्या घासाची वेळ लिहून, डॉक्टरांना दाखवाव्यात. मात्र घाम, थरथर, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर घड्याळ न पाहता लगेच तपासावे. ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचावे.