कडेवरची हिरवी रेघ

अंगणात कुंड्यांसमोर पैठणी नेसून उभ्या असलेल्या बाईचा फोटो आहे. कुंड्या काढून तिथे साधी करडी भिंत आणायची आहे. फोटोची रुंदी साधारण ३००० पिक्सेल. गिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये हे छान होतं, पण सारा खेळ कडेचा असतो.

खांदा, पदर, हात या स्वच्छ कडांसाठी Paths हे साधन घ्यावं. कीबोर्डवर B दाबलं की ते हाती येतं. जिथे रेषा वळते तिथेच बिंदू टाकायचा आणि क्लिक करताना माउस ओढून रेषेला बाक द्यायचा. बिंदू जितके कमी, तितकी कड गुळगुळीत. रेषा बाह्यरेषेच्या जराशी आत ठेवावी. शेवटी Ctrl धरून पहिल्या बिंदूवर क्लिक केलं की पाथ बंद होतो आणि Enter दाबलं की त्याची निवड तयार होते. कंबर आणि कोपर यांच्यामधून कुंडी डोकावत असते, त्या फटीसाठी वेगळा पाथ लागतो.

आता घाई करू नये. पानांचा हिरवा रंग कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला असतो आणि करड्या भिंतीवर तोच रेघेसारखा उठून दिसतो. म्हणून Select मेनूतल्या Shrink ने निवड १ पिक्सेल आत घ्यावी, मग Feather ने १-२ पिक्सेल मऊ करावी. फार मऊ केली तर माणूस धुक्यातून कापून काढल्यासारखा दिसतो.

यानंतर पार्श्वभूमी खोडून टाकण्याचा मोह होतो, पण खोडलेलं परत येत नाही. लेयरवर उजवं क्लिक करून Add Layer Mask निवडावं आणि तिथे Selection हा पर्याय घ्यावा. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते झाकतं, करडं अर्धवट दिसतं. मूळ फोटो शाबूत राहतो. खाली भिंतीचा लेयर ठेवला की कुंड्या गेलेल्या दिसतात. कोपराच्या फटीची निवड करून तेवढा मास्क काळा भरावा.

नंतर Select > None करायला विसरू नये, नाहीतर ब्रश फक्त जुन्या निवडीच्या आतच चालतो. रंगवण्याआधी लेयर्सच्या यादीत मास्कचं छोटं चित्र निवडलेलं आहे ना, हेही पाहावं. ते नसेल तर काळा ब्रश थेट पैठणीवर उमटतो.

केसांपाशी मात्र पाथ हरतो. बटा मोजून आखता येत नाहीत, म्हणून तिथे पाथ दाट केसांवरूनच न्यावा. मग मास्कवर बारीक, मऊ, कमी अपारदर्शकतेचा पांढरा ब्रश केसांच्या दिशेने फिरवून बटा थोड्या थोड्या परत आणाव्यात. त्यांच्यामधून हिरवं दिसू लागलं की थांबावं आणि X दाबून काळ्या रंगाने तेवढं पुन्हा झाकावं. मोकळ्या, विरळ केसांत हिरवं थोडं उरतंच. म्हणून भिंत फार फिकट घेऊ नये. मूळ पार्श्वभूमीइतक्याच गडद भिंतीवर ती किनार लपते.

काम XCF मध्ये जतन करावं, कारण पाथ आणि मास्क त्यातच राहतात. जेपीजी फक्त पाठवण्यापुरती काढावी.