रिटर्नची फी जोखायची कशी?

चाळीस लाख पगार घेणाऱ्याचं रिटर्न अर्ध्या तासात होतं आणि दहा लाखवाल्याचं कधी दोन दिवस खातं. म्हणून सीएची फी कमाईच्या आकड्यावरून जोखू नये. पगार, एक घर आणि बँकेचं व्याज एवढंच असेल, तर आयटीआर-१ पुरतो. फॉर्म १६ आणि एआयएस ताडून पाहिले की काम संपतं, आणि पोर्टलवर ते स्वतःला फुकटही करता येतं. इथे घासाघीस खुशाल करावी.

आता समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने वडिलांचा १९९४ चा फ्लॅट २०२५-२६ मध्ये ६० लाखांना विकला. तो तिला २०१९ मध्ये वारसाने मिळाला होता. १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरने १० लाख ठरवली. इंडेक्सेशन न घेता ५० लाख नफ्यावर १२.५ टक्क्यांनी कर होतो सव्वासहा लाख. इंडेक्सेशन घेतलं तर १० लाखांचे ३७.६ लाख होतात आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी कर येतो ४.४८ लाख. उपकर आणि अधिभार यात धरलेला नाही. पावणेदोन लाखांचा हा फरक काढणं, खरेदीदाराने कापलेला टीडीएस जुळवणं, नवं घर घेऊन सूट मिळते का ते पाहणं, फी खरी या कामाची.

एक सीए तिला ठोक ८,००० सांगतो, दुसरा तासाला १,२००. करारनामा, वारसाची कागदपत्रं, व्हॅल्युएशन रिपोर्ट हाताशी असेल, तर दुसऱ्याकडे पाच तासांत ६,००० मध्ये भागेल. कागद शोधण्यापासून सुरुवात असेल तर दहा तास, म्हणजे १२,०००. अशा वेळी ठोक दर बरा, निदान तासांची कमाल मर्यादा तरी आधी लिहून घ्यावी. आपल्याकडे रिटर्नसाठी ठोक दरच जास्त चालतो. तासाचा हिशोब सल्ल्याला शोभतो.

पण ठोक आकड्याबाहेरही खर्च असतो. सीए जीएसटी नोंदणीकृत असेल तर ८,००० वर १८ टक्के, म्हणजे ९,४४०. व्हॅल्युअरचे पैसे वेगळे. पुढे खात्याची नोटीस आली तर उत्तराचे पैसे त्यातच की निराळे, हे विचारायला लोक विसरतात. एआयएसमधल्या तफावतीचं साधं उत्तर बहुधा त्याच फीत बसावं. छाननीचं प्रकरण मात्र वेगळंच काम आहे. ग्राहकाने लपवलेल्या व्यवहारामुळे सुधारित रिटर्न भरावं लागलं तर फी पुन्हा मागणं रास्त, सीएची चूक असेल तर नाही.

रिफंडच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याकडे जाऊ नये. निकालावर किंवा नफ्याच्या टक्क्यावर फी ठरवायला सीएंच्या आचारसंहितेत मोजके अपवाद सोडले तर मनाई आहे. शिवाय रिफंड फुगवण्यासाठी दाखवलेल्या खोट्या वजावटींची नोटीस येते ती तुमच्या पॅनवर.