‘ठराव बदलून आणा’

कंपनीच्या नावाने चालू खाते उघडायला गेलेल्या माणसाला बँकेत हे वाक्य हमखास ऐकावे लागते. लेटरहेड आहे, सह्या आहेत, गोल शिक्काही मारला आहे, मग अडले कुठे? बहुतेकदा अडते ते तारखेत आणि नावांत.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही मालकांपासून वेगळी व्यक्ती. नव्वद टक्के शेअर ज्याच्या नावावर आहेत, त्यालाही तेवढ्यावर कंपनीच्या चेकवर सही करता येत नाही. तो अधिकार संचालक मंडळाच्या ठरावातून येतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत नोंदणीचा दाखला, घटना-नियमावली आणि कंपनीचे पॅन यांच्याबरोबर ठरावही मागितला आहे.

समजा, नाशिकच्या दोन भावांनी मसाल्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. नोंदणी 10 मार्च 2025ची, संचालक दोघेच. खात्यासाठी दिलेल्या ठरावात सभेची तारीख 5 एप्रिल 2025 आहे आणि हजर संचालक म्हणून थोरला भाऊ व मेहुणा यांची नावे आहेत. धाकटा त्या दिवशी बाहेरगावी होता. खाली ‘सत्यप्रत’ असे लिहून मेहुण्याने सही केली आहे.

बँकेतला अधिकारी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची माहिती उघडतो. तिथे संचालकांची नावे आणि नेमणुकीच्या तारखा कुणालाही पाहता येतात. मेहुण्याची नेमणूक आहे 21 एप्रिलची. म्हणजे सभेच्या दिवशी तो संचालक नव्हताच. 2013च्या कंपनी कायद्याप्रमाणे मंडळाच्या सभेला एकूण संचालकांच्या एकतृतीयांश किंवा दोन, यांतला जो आकडा मोठा, तेवढे संचालक हजर हवेत. इथे खरा संचालक एकच होता. मेहुणा सभेला प्रत्यक्ष बसला असेल, चहाही झाला असेल. पण गणपूर्ती झाली नाही आणि ठराव टिकला नाही.

अशा वेळी ‘तारीख तेवढी बदलून देतो’ असे सुचवले जाते. ही पळवाट घेऊ नये. तारखेवर पेन फिरवला म्हणून त्या दिवशीची सभा होत नाही. रीतसर सूचना देऊन नवी सभा घ्यायची, नवा ठराव करायचा आणि तो इतिवृत्तात नोंदवायचा, हाच मार्ग.

दुसरी चूक स्वाक्षरीकर्त्यांच्या यादीत आहे. ठराव म्हणतो, दोन लाखांपर्यंत दोघा भावांपैकी कोणीही एक आणि त्यापुढे दोघे मिळून सही करतील. यादीत मात्र तिसरे नाव आहे हिशेबनिसाचे, आणि शेवटी ‘कोणीही एक’ असे मोघम लिहिले आहे. यादीचे काम सही आणि चेहरा ओळखून देण्याचे; अधिकार देण्याचे नव्हे. ठरावात नसलेला माणूस यादीमुळे अधिकृत होत नाही. हिशेबनिसाला नेट बँकिंगवर फक्त व्यवहार भरायचे असतील आणि मंजुरी भावांनीच द्यायची असेल, तर तेही ठरावातच लिहावे लागते. चेकची मर्यादा लिहिली आणि ऑनलाइन व्यवहाराबद्दल मौन पाळले, असे ठराव बरेच येतात. कर्ज काढण्याचा अधिकारही खाते चालवण्याच्या अधिकारात आपोआप येत नाही.

सत्यप्रतीवर सही कुणाची, हेही पाहिले जाते. ज्याला अधिकार मिळतो आहे, त्यानेच एकट्याने ती प्रमाणित केली असेल तर बँका सहसा दुसऱ्या संचालकाची किंवा कंपनी सेक्रेटरीची सही मागतात. शिक्क्याचे मात्र उगाच प्रस्थ आहे. कंपनीची मोहोर 2015च्या दुरुस्तीपासून ऐच्छिक झाली, आणि रबरी शिक्का तर कुठेही दोनशे रुपयांत बनतो.

सभा खरोखर झाली का, हे बँकेला कळणार कसे? इतिवृत्ताची वही तिच्यासमोर नसते. या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधल्या 1856च्या टर्क्वांड खटल्यात मिळते, आणि भारतीय न्यायालयेही ते मानतात. बाहेरच्या माणसाने सद्भावनेने व्यवहार केला, तर कंपनीचे अंतर्गत सोपस्कार नीट झाले असे त्याला धरून चालता येते. पण शंकेला जागा दिसत असताना डोळेझाक केली तर हे संरक्षण मिळत नाही. मेहुण्याच्या नेमणुकीची तारीख सरकारी नोंदीत उघड पडलेली असताना ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे बँकेला म्हणता येणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते खाते उघडून तिचे चोरीचे चेक वटवण्याचा प्रकार जुना आहे, आणि अशा वेळी खाते उघडताना काय तपासले हेच न्यायालय आधी विचारते.

खाते उघडल्यावरही ठरावाची फाइल बंद करू नका. सही करणारा माणूस कंपनी सोडून गेला, तर अधिकार काढल्याचा नवा ठराव त्याच दिवशी बँकेत द्या आणि पोच घ्या. तो पोहोचेपर्यंत बँकेच्या नोंदीत जुनी सहीच चालू असते.