पन्नासची टाइल, एकशे सतराचा फूट

दुकानात टाइलवर 'पन्नास रुपये फूट' अशी चिठ्ठी असते. अकरा बाय तेराची खोली म्हणजे 143 चौरस फूट, म्हणून ग्राहक सात हजार एकशे पन्नास रुपयांचा अंदाज बांधतो. इथेच हिशेब चुकतो.

बाजारात जिला 'दोन बाय दोन' म्हणतात ती टाइल खरं तर 600 मिलिमीटरची असते. दोन फूट होतात 610 मिलिमीटर. त्यामुळे चार टाइलांची पेटी 16 नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरते. हा आकडा पेटीवर चौरस मीटरमध्ये 1.44 असा छापलेला असतो. बिल सोळाने लावलं असेल, तर प्रत्येक पेटीमागे पंचवीस रुपये जास्त जातात.

आता कापाकापी. सरसकट दहा टक्के वाढीव घ्या, असं सांगितलं जातं. पण खोलीच्या मापावर टाइली मांडून मोजणं जास्त खात्रीचं. अकरा फुटांत पाच अख्ख्या टाइली बसतात आणि सहावी कापावी लागते. तेरा फुटांत सहा अख्ख्या, सातवी कापलेली. दोन्हीकडे लागणारा तुकडा अर्ध्याहून मोठा, त्यामुळे एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत. म्हणजे सहा गुणिले सात, 42 टाइली. हे क्षेत्र होतं सुमारे 163 फूट, म्हणजे जवळजवळ चौदा टक्के जास्त. मात्र उरलेल्या साधारण दहा इंची पट्ट्या फेकायच्या नाहीत. प्रत्येकीतून चार इंची स्कर्टिंगचे दोन तुकडे निघतात आणि दार वगळून 45 फुटांचं स्कर्टिंग त्यातच भागतं. मिस्त्रीला हे पहिली टाइल कापण्याआधी सांगायला हवं.

वाहतुकीत आणि कापताना फुटणाऱ्या दोन धरू. आणखी दोन घरात ठेवायच्या, कारण पुढच्या बॅचचा रंग आणि माप तंतोतंत जुळेलच असं नाही. झाल्या 46. पण पेटी सुटी मिळत नसेल, तर बारा पेट्या घ्याव्या लागतात: 9,300 रुपये. ही रक्कम 143 ने भागली की नुसती टाइलच 65 रुपये फूट पडते.

बसवणावळ तीस रुपये फूट धरली, तर 4,290. स्कर्टिंगची मजुरी वेगळी, वीस रुपये रनिंग फुटाने 900. चिकटवायच्या अॅडहेसिव्हच्या तीन गोण्या आणि ग्राउट मिळून 1,400, टेम्पो आणि हमाली 800. (हे दर उदाहरणापुरते, गावागणिक आणि मजल्यागणिक बदलतात.) एकूण 16,690 रुपये, म्हणजे फुटाला जवळजवळ 117.

जुनी फरशी उखडणं आणि तळ समतल करणं यात धरलेलं नाही.

मजुरीचं माप आधीच ठरवावं. बसलेल्या जमिनीवर की आणलेल्या मालावर? बारा पेट्यांच्या 186 फुटांवर मजुरी लावली, तर याच खोलीचे 1,290 रुपये जास्त जातात. न उघडलेली पेटी दुकानदार परत घेणार का, हेही पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्यावं.