खेपेचा दर आणि एकट्याची घासाघीस

गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतील अनेक तरुण शहरात जाऊन मोटारसायकलवरून खाद्यपदार्थ व किराणा घरपोच पोहोचविण्याचे काम करू लागले आहेत. या कामास मासिक वेतन नाही. मोबाइलवरील ॲपमधून ऑर्डर येते आणि प्रत्येक खेपेचे वेगळे पैसे मिळतात. कंपनीच्या करारात या तरुणाचा उल्लेख ‘कामगार’ असा नसून ‘भागीदार’ असा असतो. भागीदार म्हटला की त्याने दर ठरविण्यात भाग घ्यावा, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात त्याला दराविषयी किती बोलता येते, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

ऑर्डर येते तेव्हा पडद्यावर दुकानाचे नाव, अंदाजे अंतर आणि मिळावयाची रक्कम दिसते. स्वीकारावे की नाकारावे याचा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. ‘पाच रुपये वाढवून द्या, जातो,’ असे म्हणण्याची सोय तेथे नाही. आठवड्याच्या बाजारात भाजीवाली निदान समोर बसलेली असते. येथे समोर कोणीच नसते. नकार हेच त्या तरुणाच्या हातातील एकमेव साधन होय आणि त्या नकाराचीही किंमत असते. ती कशी पडते हे प्रोत्साहन रकमेच्या, म्हणजे या व्यवसायात ज्याला ‘इन्सेन्टिव्ह’ म्हणतात त्याच्या, हिशेबावरून कळते.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिले आहेत. बेळगाव शहरातील एक तरुण दिवसातून अकरा तास ॲप चालू ठेवतो आणि २२ खेपा करतो. खेपेस सरासरी २८ रुपये धरल्यास ६१६ रुपये होतात. २२ खेपा पूर्ण केल्यास १२० रुपये अधिक मिळावयाचे आहेत. मात्र त्यासाठी सायंकाळी सात ते अकरा सलग हजर राहावे आणि दिवसभरात एकापेक्षा अधिक ऑर्डर नाकारू नये, अशी अट आहे. एकूण ७३६ रुपये झाले. रिकाम्या परतीसह ११० किलोमीटर गाडी चालली. पेट्रोलचे सुमारे २५० आणि टायर, ऑइल व दुरुस्तीचे ५० रुपये वजा करता हाती ४३६ रुपये, म्हणजे तासाला सुमारे ४० रुपये उरतात. प्रोत्साहन रक्कम हुकली तर उरतात ३१६, म्हणजे तासाला २९ रुपयेही नाहीत. जी रक्कम एकूण मिळकतीत सहाव्या हिश्शाएवढी दिसते, ती निव्वळ मिळकतीत चौथ्या हिश्शाहूनही मोठी ठरते.

आता रात्रीचे साडेआठ वाजले आहेत असे समजा. त्याच्या १९ खेपा झाल्या आहेत आणि एक नकार दुपारीच वापरून झाला आहे. अशा वेळी मध्यवस्तीतून हिंडलग्याच्या पलीकडची सहा किलोमीटरची ऑर्डर येते; रक्कम ४२ रुपये. दुकानापर्यंत एक किलोमीटर, जाताना सहा आणि परतताना रिकामे सहा, असे तेरा किलोमीटर होतात. वरील हिशेबाने त्यास ३५ रुपये खर्च येतो. पाऊण तासाहून अधिक वेळ जाऊन पदरात सात रुपये पडतात. तरीही तो ही ऑर्डर स्वीकारतो. कारण नाकारल्यास १२० रुपये जातात. त्याने ४२ रुपयांचा दर मान्य केला, अशी नोंद मात्र होते. पुढील आठवड्यात २२ ऐवजी २४ खेपांची अट आली तरी त्याविरुद्ध त्याच्यापाशी नवे साधन नसते. त्याने नाकारलेली ऑर्डर क्षणार्धात दुसऱ्याकडे जाते. त्या दुसऱ्याला किती रक्कम दाखविली गेली हे याला कळत नाही. कंपनीला दोघांचेही सर्व ठाऊक असते.

तेव्हा एकट्याने तक्रार करणे व्यर्थच आहे काय? तसे नाही. येथे दोन गोष्टींत भेद करावयास हवा. ठरलेल्या नियमाप्रमाणे पैसे मिळाले नाहीत, उदाहरणार्थ अंतर कमी धरले गेले किंवा अट पूर्ण होऊनही प्रोत्साहन रक्कम जमा झाली नाही, तर मदत विभागाकडे पुराव्यासह केलेली तक्रार निकालात निघू शकते. त्यासाठी सकाळीच त्या दिवसाच्या अटींचे पडद्याचे छायाचित्र घ्यावे, ऑर्डर क्रमांक जपावा आणि गाडीच्या मीटरवरील आकडे वहीत लिहावेत. अटींचा पडदा पुढे बदलू शकतो, म्हणून हे काम सायंकाळवर ठेवू नये. परंतु नियमच तोट्याचा असेल, तर मदत विभागातील माणसाला तो बदलण्याचा अधिकारच नसतो. त्याच्याशी कितीही सौजन्याने वा संतापाने बोलले तरी उपयोग होत नाही.

नियम बदलावयाचा तर अनेकांनी एकत्र यावे लागते आणि तेही सोपे नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली व आसपासच्या शहरांत ब्लिंकिटने खेपेचा ठराविक २५ रुपयांचा दर बदलून किमान १५ रुपये व अंतराप्रमाणे वाढ अशी पद्धत आणली. तेव्हा रायडरांनी काम थांबविले आणि अनेक गोदामे बंद पडली. किराण्याची ऑर्डर ठराविक गोदामातूनच निघते, रायडर तेथेच एकमेकांना भेटतात. म्हणून हे शक्य झाले. खाद्यपदार्थ पोहोचविणारे शहरभर विखुरलेले असतात. तरीसुद्धा कंपनीने नवी पद्धत मागे घेतली नाही. ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील संपाची हाक होती. त्यात हैदराबादेतील तेलंगण गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियन पुढे होती. त्याच सायंकाळी झोमॅटोने एका ऑर्डरीस १२० ते १५० रुपये देऊ केले. सणासुदीला असे दर नेहमीच दिले जातात, असा कंपनीचा खुलासा होता. तो मान्य केला तरी त्या रात्री घरी बसणाऱ्यास संप किती महाग पडला असेल, हे उघड आहे.

कायद्याने यात कोठवर हात घातला आहे? केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याणनिधीस द्यावी अशी तरतूद आहे. कर्नाटकाच्या २०२५ च्या अधिनियमाने नोंदणी व कल्याण मंडळ आणले. कराराच्या अटी बदलण्यापूर्वी किमान चौदा दिवस सूचना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. बेळगावच्या तरुणास याचा लाभ आहे. परंतु सूचना मिळणे वेगळे आणि दराविषयी संमती विचारली जाणे वेगळे. खेपेचा किमान दर यांपैकी कोणताही कायदा ठरवीत नाही.

मराठी वाचकांस येथे माथाडी कामगारांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांनाही एक असा मालक नव्हता. आज या गोदीत, उद्या त्या बाजारात, आणि मजुरी वजनावर वा नगावर. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी अधिनियमाने मालक व हमाल दोघांचीही मंडळाकडे नोंदणी केली. मंडळावर दोन्ही पक्षांचे व शासनाचे प्रतिनिधी बसले. मजुरीचे दर तेथे सामूहिकपणे ठरू लागले. मजुरी व लेव्ही मालकाने मंडळात भरावयाची आणि हमालाने मजुरी मंडळाकडून घ्यावयाची, अशी रीत पडली. नव्या कायद्यांनी या व्यवस्थेतील निधीचा भाग उचलला आहे. दर ठरविण्याचा भाग मात्र अद्याप उचललेला नाही.